बिनवाटेचें पाणी : लोणारच्या खाराचा हिशेब

गोंडपिपरी तालुक्याच्या एका अंगानें वर्धा वाहते व दुसऱ्या अंगानें वैनगंगा. या दोघी एकत्र झाल्या म्हणजे त्यांस प्राणहिता म्हणतात. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीस मिळते, व गोदावरी पूर्वसमुद्रास. या मुलखांत पडलेल्या पावसाच्या थेंबास अशी समुद्रापर्यंत अखंड वाट मिळालेली आहे. मध्यंतरीं कोणी पाळ घालून त्यास भातशेतीसाठीं अडविलें, तरी तलावाच्या किंवा बोडीच्या कडेस सांडवा ठेवलेला असतोच. सांडवा पाळ फुटूं नये म्हणून बांधतात, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु तलाव गोड राहतो त्याचें श्रेयही पुष्कळ अंशीं त्यासच आहे, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. खडकांतून व मातींतून वाहून आलेल्या पाण्यांत थोडें लवण विरघळलेलें असतेंच. सूर्य पाणी तेवढें नेतो, लवण जागच्या जागीं टाकतो. दर पावसाळ्यांत सांडव्यावरून व शेताच्या पाटांतून जें पाणी बाहेर जातें, तें वर्षभराचें हें शिल्लक लवण आपल्याबरोबर घेऊन जातें.

आतां असें तळें कल्पावें कीं, ज्यास सांडवा नाहीं, पाट नाहीं व नदीही नाहीं. तें शोधण्यास फार दूर जावयास नको. गोंडपिपरीच्या सीमेवरून जाणाऱ्या वर्धेंत पैनगंगेचेंही पाणी असतें, व ही पैनगंगा वऱ्हाडांत बुलढाणा जिल्ह्यांतील मेहकरावरून येते. त्या मेहकराच्या दक्षिणेस लोणारचें सरोवर आहे. आसपासच्या पठारावरील पाऊस गोदावरीच्या खोऱ्यांत उतरून समुद्रास जातो. पण लोणारच्या कड्याच्या आंत पडलेला पाऊस कोठेंच जात नाहीं. काळ्या पाषाणांत सुमारें १·८ किलोमीटर व्यासाचा हा गोल खळगा आहे, कांठापासून पाण्यापर्यंतचा उतार सुमारें दीडशें मीटर आहे, व तळाशीं सव्वा किलोमीटरहून किंचित् कमी व्यासाचें उथळ, खारें पाणी आहे. हा खळगा ज्वालामुखीचा, अशी समजूत दीर्घकाळ होती. तो उल्कापातानें झाला, हें १९७३ सालीं येथील खडकांच्या परीक्षणानें निश्चित झालें.

लोणारचें पाणी खारें आहे एवढेंच आमच्या पूर्वजांस ठाऊक होतें असें नव्हे. तो खार कोणत्या जातीचा हेंही ते जाणत होते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलानें 'आईन-इ-अकबरी'मध्यें या स्थळाची नोंद करतांना, कांच व साबण करण्यास लागणारा पदार्थ येथें मिळतो असें लिहिलें आहे. कांच व साबण यांस सोडा लागतो, जेवणांतील मीठ नव्हे. उन्हाळ्यांत पाणी मागें हटलें म्हणजे कांठावर जी पांढरी साय धरत असे ती लोक गोळा करीत, व तिच्या कमीअधिक शुद्धतेवरून तिला डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशीं निरनिराळीं नांवें देत. तिचा मुख्य अंश आमच्या घरच्या पापडखाराच्याच कुळांतला होता.

समुद्राचें व सांभर सरोवराचें मीठ खाण्याचें, आणि लोणारचा मात्र खार, हा भेद कां पडावा? उत्तर पाणी आटण्याच्या क्रमांत आहे. पावसाचें पाणी हवेंतील व मातींतील कर्बवायु घेऊन खडकास कुरतडतें, तेव्हां त्यांत चुना व सोडियम हीं दोन्ही कर्बाच्या संगतीनें उतरतात. पाणी आटूं लागलें कीं, प्रथम चुनखडी तळाशीं बसते. प्रत्येक कणाबरोबर थोडा चुना व थोडा कर्ब पाण्यांतून कमी होतो. आरंभीं चुना अधिक असेल तर कर्ब आधीं संपतो, व मागें मिठाचें, चुन्याचें कडू पाणी उरतें. आरंभीं कर्ब अधिक असेल तर चुना आधीं संपतो, आणि उरलेला कर्ब सोडियमशीं राहून पाणी सोड्याचें होतें. सुरुवातीचा हा फरक अगदीं अल्प असला तरी शेवट दोन टोकांस जातो. काळ्या पाषाणावरून आलेल्या लोणारच्या पाण्यांत कर्बाचें पारडें जड ठरलें. साधें मीठ त्यांतही आहे, पण पाण्याची तीव्र क्षारता या उरलेल्या कर्बाची आहे.

आतां पाण्याचा जमाखर्च मांडून पाहूं. बिनवाटेच्या तळ्यास खर्चाचें मुख्य द्वार एकच, तें म्हणजे वरचा पृष्ठभाग. जमा वाढली कीं तळें पसरतें, पसरलें कीं अधिक वाफ जाते. जमा घटली कीं तें आक्रसतें. जमा व खर्च जेथें जुळतात, तेथें त्याचा कांठ स्थिरावतो. लोणारच्या पाण्याचें क्षेत्र ढोबळ मानानें १·१ चौरस किलोमीटर धरावें. वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर व वाफ १·७ मीटर धरली, तर पाण्यावर थेट पडणारा पाऊस सुमारें ८ लाख घनमीटर, आणि वाफ होऊन जाणारें पाणी सुमारें १९ लाख. अकरा लाखांची तूट कोण भरतो? कड्याच्या आंतील उतारांचें क्षेत्र सुमारें १·४ चौरस किलोमीटर आहे. त्यावरील साराच्या सारा पाऊस घसरून खालीं आला तरी तो दहा लाखांच्या वर जात नाहीं, आणि झाडीनें भरलेल्या उतारावरून सारा पाऊस कधींच खालीं येत नाहीं. म्हणजे ही तूट झरे भरतात. कड्यावरील धार, रामगया, सीतान्हाणी हीं गोड्या पाण्याचीं स्थानें यात्रेकरूंस तीर्थें म्हणून ठाऊक आहेत; सरोवराच्या हिशेबांत तीं त्याच्या अस्तित्वाचीं कारणें आहेत. आमचे आंकडे ढोबळ आहेत, परंतु त्यांत थोडाफार फरक केला तरी हा निष्कर्ष ढळत नाहीं.

लवणाचा जमाखर्च मात्र निराळा आहे. इंग्रज ज्योतिषी एडमंड हॅले यानें १७१५ सालीं अशी कल्पना मांडली कीं, ज्या सरोवरांतून नदी बाहेर पडत नाहीं त्यांचा खारटपणा सारखा वाढत असला पाहिजे, व त्या वाढीच्या मापावरून त्यांचें, आणि समुद्राचें, वय काढतां येईल. कल्पना सुंदर आहे. लोणारवर ती लावून पाहूं. वर मोजलेल्या ११ लाख घनमीटर पाण्यांत दर लिटरास ३०० मिलिग्रॅम लवण धरूं, व त्यांतील निम्में चुनखडी वगैरे होऊन तळाशीं बसतें असें मानूं. तर वर्षास सुमारें १६५ टन लवण पाण्यांत शिल्लक पडतें. सरोवराची सरासरी खोली चार मीटर व लिटरास दहा ग्रॅम लवण धरलें, तर पाण्यांतील एकूण लवण ४४,००० टन होतें. भागाकार केला तर सरोवराचें वय पावणेतीनशें वर्षें निघतें! अबुल फजलाच्या काळीं तें होतेंच, हें तर उघड आहे. आणि शास्त्रज्ञांनीं या खळग्याचें काढलेलें वय एका पद्धतीनें सुमारें ५० हजार, तर दुसऱ्या पद्धतीनें ५ लाख ७० हजार वर्षें भरतें. आमचा लवणाचा आंकडा दहापट चुकला असें मानलें तरी मेळ बसत नाहीं.

यावरून हॅलेच्या घड्याळांत कोठें दोष आहे तें दिसतें. सरोवरास नदी नसली तरी चोरवाटा असतात. थोडें खारें पाणी तळाच्या भेगांतून मुरतें. तळाशीं सांचणाऱ्या गाळाच्या कणांमध्यें खारें पाणी अडकतें, व वर नवा गाळ पडून तें कायमचें पुरलें जातें. कोरड्या काळांत कांठचा खार वारा उडवून नेतो, आणि लोणारास तर माणसेंही शतकानुशतकें तो पोत्यांत भरून नेत होतीं. पाणी जितकें अधिक खारें, तितकें प्रत्येक चोरवाटेनें जाणारें लवण अधिक. म्हणून खारटपणा अमर्याद वाढत न जातां एका मर्यादेभोवतीं घुटमळत राहतो. सरोवराचा खार त्याचें वय सांगत नाहीं.

तो सांगतो तें दुसरेंच, व इतिहासाच्या अभ्यासकास अधिक उपयोगाचें. सरोवराच्या तळांतून सुमारें दहा मीटर लांबीचा गाळाचा स्तंभ काढून त्याचा अभ्यास झाला. त्यांत गेली सुमारें ११ हजार वर्षें थरांनीं मांडलेलीं आहेत. या थरांत दोन ठिकाणीं गेलुसाइट नांवाच्या खनिजाचे स्फटिक सांपडल्याचें २०१३ सालीं प्रसिद्ध झालें. हें सोडियम व चुना या दोहोंचें कर्बयुक्त खनिज आहे, आणि पाणी बरेंच आटून सोडियम फार दाट झाल्यावांचून तें बनत नाहीं. म्हणजे तें सांपडलें तेथें सरोवर दीर्घकाळ आक्रसलेलें होतें असें समजावें. पहिला पट्टा सुमारें ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वींचा आहे, दुसरा सुमारें २००० ते ६०० वर्षांपूर्वींचा.

हा दुसरा पट्टा वाचतांना आम्हांस थबकावें लागतें. सातवाहनांच्या उत्तरकाळापासून यादवांच्या अंतापर्यंतचा महाराष्ट्र त्यांत येतो. लेणीं त्यांत येतात, आणि खुद्द लोणारचें दैत्यसूदनाचें मंदिरही येतें. मग तीं चौदा शतकें दुष्काळाचीं होतीं काय? तसें म्हणणें उतावळेपणाचें होईल. सरोवर पिकांचा हिशेब ठेवीत नाहीं, अनेक वर्षांच्या पावसाचा व वाफेचा ठेवतें. सरासरीनें पाणी कमी असतांही मधून मधून सुकाळाचीं वर्षें येऊं शकतात. तसेंच गाळाच्या कालगणनेंत पांचपन्नास वर्षांची ओढाताण असतेच. परंपरेनें १३९६ सालीं सुरू झालेला म्हणून सांगितलेला दुर्गादेवीचा दुष्काळ या पट्ट्याच्या शेवटाजवळ पडतो खरा, पण अमुक स्फटिक त्या दुष्काळाचा असें बोट ठेवून दाखवितां येत नाहीं. एवढें मात्र निश्चित कीं, मध्ययुगीन महाराष्ट्राचा इतिहास ताम्रपट व शिलालेख यांवरून लिहितांना हा एक साक्षीदार आजवर बाहेरच बसून होता, व त्याची जबानी घेतल्यावांचून विहिरी, तळीं व दानांत दिलेल्या जमिनी यांचा विचार पुरा होणार नाहीं.

जून २०२० मध्यें सरोवराचें पाणी गुलाबी झालें, तेव्हां या साक्षीदाराकडे सर्वांचें लक्ष गेलें. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें तपासणी केली असतां, खारट पाण्यांत वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्म जीवांचा तो रंग असल्याचें आढळलें. त्याच वर्षीं रामसर करारान्वये हें स्थळ आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादींत गेलें. रंग कांहीं काळानें ओसरला. परंतु रंग हें लक्षण होय, रोगाची परीक्षा नव्हे. परीक्षेसाठीं पाण्याची पातळी व पाण्याची खारटी हीं दोन मापें एकत्र घ्यावीं लागतात. पातळी उतरली व त्याच प्रमाणांत खारटी वाढली, तर लवण तेवढेंच असून पाणी घटलें असें समजावें. पातळी चढली व खारटी उतरली, तर नवें गोडें पाणी आलें. परंतु पातळी फारशी न हलतां खारटी वर्षानुवर्षें उतरत गेली, तर खारें पाणी कोठून तरी निसटत असून त्याची जागा गोडें पाणी घेत आहे. आणि हा बदल डोळ्यांस दिसत नाहीं म्हणूनच तो अधिक घातक.

कारण लोणारावर संकट दोन बाजूंनीं येऊं शकतें. पठारावरील भूजल उपसलें गेलें तर झरे मंदावतील, व वरच्या हिशेबाप्रमाणें तूट भरण्यास दुसरें कोणी नाहीं. उलट गांवाचें सांडपाणी किंवा कालव्याचा पाझर आंत उतरूं लागला, तर सरोवर भरलेलें दिसेल; पाहणाऱ्यास समाधान वाटेल; आणि सोड्याच्या पाण्यावांचून न जगणारी जीवसृष्टि मात्र त्या भरलेल्या पाण्यांतच नष्ट होईल. गोंडपिपरीचा तलाव भरला म्हणजे सांडव्याकडे पाहून शेतकरी निर्धास्त होतो. लोणारास सांडवा नाहीं. तेथें पाणी किती आलें एवढेंच न पाहतां तें कोठलें आलें, हेंही विचारलें पाहिजे.