जुन्या पत्रांची सूची

ठाण्याहून भिवंडीकडे निघाले की खाडी ओलांडताच कशेळी, काल्हेर ही गावे लागतात. जवळच अंजूर आहे. वसईच्या मोहिमेत, म्हणजे १७३७ ते १७३९ या काळात, मराठ्यांना मोठे साहाय्य करणारे गंगाजी नाईक याच अंजूरचे. मोहिमेची पुष्कळ पत्रे मोडीतून बाळबोधीत उतरवून छापली गेली आहेत. रियासतकार सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड काढले, त्यांत या मोहिमेचीही पत्रे आली. आता काल्हेरच्या एखाद्या गुरुजींना आपल्या भागाची माहिती हवी असेल, तर त्यांनी काय सारी पत्रे वाचावीत? त्यासाठी सूची लागते. ती चुकली तर माणूस किंवा गाव कागदात असूनही हरवते. म्हणून ती कशी करायची ते पाहू.

प्रथम प्रत्येक पत्राला क्रमांक द्यावा आणि सूचीत तोच लिहावा. पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली की पाने बदलतात, पत्राचा क्रमांक बदलत नाही. मग एकेक पत्र घेऊन, त्यातील प्रत्येक नावासाठी एक वेगळी चिठ्ठी करावी. चिठ्ठीवर नाव पत्रात असेल तसेच उतरावे, खाली पत्राचा क्रमांक आणि तारीख लिहावी. चिठ्ठ्या लावण्याचे काम शेवटी. लावताना ऱ्हस्व-दीर्घावर विसंबू नये, कारण मोडीत तो भेद फारसा पाळलेला नसतो.

माणसांच्या नावांत घोळ फार. एकाच गंगाजी नाईकांना कोणी पूर्ण नावाने लिहील, कोणी ‘अंजूरकर’ म्हणेल, कोणी नुसते ‘नाईक’. चिमाजी अप्पा कुठे ‘अप्पा’ असतात, कुठे ‘तीर्थरूप’, तर कुठे ‘चिरंजीव’. ते लिहिणारा कोण यावर ठरते. म्हणून एक मुख्य नाव ठरवावे आणि बाकीच्या नावांपुढे ‘पहा: गंगाजी नाईक अंजूरकर’ असे लिहावे. नुसते ‘नाईक’ म्हणजे कोण हे पत्रावरून ठरत नसेल, तर ओढून ताणून जोडू नये. चिठ्ठीवर प्रश्नचिन्ह करून ती वेगळी ठेवावी.

गावांचेही तसेच. ‘ठाणे’ म्हणजे ठाणे शहर, आणि ‘ठाणे बसविले’ म्हणजे चौकी बसविली! वाक्य वाचल्याशिवाय चिठ्ठी करणारा इथे हमखास फसतो. कशेळी ही आपल्या काल्हेरशेजारी आहे, तशी रत्नागिरी जिल्ह्यात राजापूरकडेही आहे. म्हणून गावाच्या नावापुढे तालुका लिहावा, आणि तो पत्रातील शेजारच्या गावांवरून ठरवावा.

सगळ्यांत नाजूक भाग तारखेचा. पत्रात ‘सबा सलासीन मया व अलफ’ असे साल येते. सबा म्हणजे ७, सलासीन ३०, मया १००, अलफ १०००, मिळून ११३७. हा शुहूर सन. तो मृग लागताना बदलतो, पण त्याच्या जोडीचे महिने मुसलमानी चांद्र असतात. या सनात मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. जंत्रीत पाहिले तर त्या वर्षीचा रज्जब नोव्हेंबर १७३६ मध्ये पडतो आणि जिल्काद मार्च १७३७ मध्ये. आता बघा, कोणी सरसकट ६०० मिळवले, तर रज्जबचे पत्र नोव्हेंबर १७३७ मध्ये जाते. मराठ्यांनी ठाण्याचा कोट घेतला १७३७ च्या पूर्वार्धात. म्हणजे कोट घेण्याआधीची तयारी सूचीत कोट घेतल्यानंतरची होऊन बसली! तयारी आधी कोणी केली, हा प्रश्नच मग उलटा होतो.

इंग्रजी तारखांतही एक गोम आहे. वसईचा तह कुठे ५ मे १७३९ ला, कुठे १६ मे १७३९ ला झाल्याचे लिहिलेले आढळते. दोन्ही एकच दिवस. इंग्रज १७५२ पर्यंत जुनी गणना पाळीत, पोर्तुगीज नवी. फरक अकरा दिवसांचा. सूचीत एकच गणना ठेवावी आणि कोणती ते पहिल्या पानावर सांगावे. पत्रातील मूळ तारीखही चिठ्ठीवर ठेवावी, म्हणजे चूक झाली तरी पुढचा माणूस ती दुरुस्त करू शकेल.

सूची तयार झाली की दोन्ही बाजूंनी तपासावी. दहा चिठ्ठ्या उचलून पत्रात ती नावे आहेत का ते पहावे. मग दहा पत्रे उघडून त्यांतल्या प्रत्येक नावाची चिठ्ठी आहे का ते पहावे. पहिल्या तपासणीने चुकीची नोंद सापडते, दुसरीने राहून गेलेली. लोक बहुधा पहिलीवरच थांबतात.

आणि एवढे करूनही सूचीत काल्हेर मिळाले नाही, तर काल्हेरचा काही संबंध नव्हता असे समजू नये. लिहिणाऱ्याने ‘खाडीपलीकडे’ एवढेच लिहिले असेल, तर गावाच्या नावाची चिठ्ठी होत नाही. अशा वेळी अंजूर, कशेळी, ठाणे यांच्या नोंदी काढून ती पत्रे मुळातूनच वाचावी लागतात.