फ्रीजरमधलं रक्त आणि व्हायवामधला एक प्रश्न

मार्च २००३. अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत एका पीएचडीच्या विद्यार्थ्याचं सादरीकरण चाललं होतं. विषय होता हवासुपाई या आदिवासी जमातीच्या डीएनएमधले फरक. श्रोत्यांमध्ये कार्लेटा तिलूसी बसल्या होत्या. त्या स्वतः हवासुपाई, आणि काही वर्षांपूर्वी त्यांनीही रक्त दिलं होतं, पण मधुमेहाच्या अभ्यासासाठी. सादरीकरण झाल्यावर त्यांनी विचारलं, की या कामासाठी हे रक्त वापरायची परवानगी घेतली होती का?

सादरीकरण तिथेच थांबलं. पुढे समितीने त्या विद्यार्थ्याला तो भाग प्रबंधातून काढायला लावला. मी स्वतः साठवलेल्या नमुन्यांवर काम करते, त्यामुळे या गोष्टीत मला सगळ्यात आधी तो विद्यार्थी दिसतो. रक्त त्याने काढलं नव्हतं, फॉर्म त्याने लिहिला नव्हता. त्याला फ्रीजरमधल्या नळ्या मिळाल्या, एवढंच.

आता थोडं मागे जाऊ. हवासुपाई लोक ग्रँड कॅनियनच्या तळाशी, सुपाई नावाच्या गावात राहतात. गावात जायला गाडीरस्ता नाही. पायी, घोड्या-खेचरावरून नाहीतर हेलिकॉप्टरने जावं लागतं. १९८०च्या दशकात तिथे मधुमेह खूप वाढला होता. पाय कापावे लागत होते, लोक डायलिसिससाठी गाव सोडून जात होते. जमातीचा जुना परिचय असलेले मानववंशशास्त्रज्ञ जॉन मार्टिन यांच्याकडे लोकांनी मदत मागितली. मार्टिन यांनी त्याच विद्यापीठातल्या जनुकशास्त्रज्ञ थेरीस मार्कोव्ह यांना सोबत घेतलं. मार्कोव्ह यांना स्किझोफ्रेनियाच्या अभ्यासातही रस होता. १९९० ते १९९४ या काळात दोनशेहून अधिक लोकांचं रक्त गोळा झालं.

सगळा घोळ संमतीपत्रातल्या एका वाक्यात आहे. रक्त ‘वर्तनविषयक आणि वैद्यकीय विकारांच्या कारणांचा’ अभ्यास करण्यासाठी वापरलं जाईल, अशा अर्थाचं ते वाक्य होतं. तोंडी बोलणं मात्र मधुमेहाबद्दल झालं होतं, आणि लोकांच्या लक्षात तेच राहिलं. अनेकांची इंग्रजी ही दुसरी भाषा होती, शाळा अर्धवट सुटलेली. संशोधकांच्या बाजूने पाहिलं तर सही केलेला कागद होता आणि त्या कागदात स्किझोफ्रेनियाही बसत होता. मार्कोव्ह यांनी आपली बाजू अशीच मांडली, की संमती व्यापक होती. इथे कुणाला एका फटक्यात खलनायक ठरवायची घाई करू नये असं मला वाटतं. कागद आणि बोलणं यांच्यात जी फट पडली, तिची नोंद कुठेच नव्हती, हे जास्त महत्त्वाचं आहे.

मधुमेहाचं जनुकीय उत्तर काही मिळालं नाही. पण नळ्या फ्रीजरमध्ये राहिल्या आणि हातोहात फिरल्या. त्यातून स्किझोफ्रेनियावर काम झालं, जमातीतल्या अंतर्गत विवाहांमुळे येणाऱ्या जनुकीय साम्यावर झालं, आणि त्यांचे पूर्वज आशियातून कसे आले असतील यावरही झालं. हा तिसरा विषय वरवर निरुपद्रवी वाटतो, पण तसा तो नाही. आपला उगम याच दरीत झाला आणि आपण तिचे राखणदार आहोत, अशी हवासुपाईंची श्रद्धा आहे. जमिनीवरचा त्यांचा हक्कही ते या नात्याशी जोडतात. ‘तुम्ही बाहेरून आलात’ हे सांगणारा पुरावा आपल्याच रक्तातून काढला गेला, हे त्यांना असह्य होतं.

नावं काढून टाकली की प्रश्न मिटतो, असं आपल्याला पहिल्या वर्षापासून शिकवतात. इथे तो मिटत नाही. नळीवर नुसता कोड असला तरी शोधनिबंधात जमातीचं नाव आहे, आणि जमात काही शे माणसांची. मग ‘या जमातीत अंतर्गत विवाह जास्त’ हे वाक्य प्रत्येकालाच लागतं, ज्याने रक्त दिलंच नाही त्यालासुद्धा. एकेकट्याच्या सहीवर उभी असलेली संमती या समूहाच्या नुकसानीपर्यंत पोचतच नाही.

यावर तीन स्तरांचं संमतीपत्र हा एक उपाय आहे. समजा, त्यात वेगवेगळे प्रश्न असते: फक्त मधुमेहासाठी वापरू का? इतर आजारांसाठी? वंश-उगमाच्या अभ्यासासाठी? अनेकांनी पहिल्याला हो आणि तिसऱ्याला नाही म्हटलं असतं, असं मानायला जागा आहे. पण कागदावरच्या खुणेने एकटीने काही होत नाही. एका माणसाच्या रक्तातून प्लाझ्मा वेगळा होतो, पांढऱ्या पेशी वेगळ्या होतात, त्यातून डीएनए काढतात, त्याचे छोटे भाग करतात. एका सहीच्या दहा नळ्या होतात. त्या ‘नाही’ची नोंद प्रत्येक नळीच्या नोंदीत, संमतीपत्राच्या आवृत्तीसकट, उतरली नाही, तर फाइल कपाटात राहते आणि नळी दुसऱ्या प्रयोगशाळेत पोचते. बाहेर नमुना देताना होणाऱ्या करारात तेच बंधन लिहिलेलं नसेल, तर तिथल्या विद्यार्थ्याला ते कळणार कसं?

हे ओळखायची एक साधी चाचणी आहे. फ्रीजरमधून कोणत्याही पाच नळ्या उचला आणि मागे मागे जात त्यांच्या सहीच्या कागदापर्यंत पोचून दाखवा. एक जरी अडकली तरी तुमचं संशोधन कुणाच्या तरी आठवणीवर चाललंय असं समजा. मी आमच्याकडे हे करून पाहिलं तेव्हा दोन नळ्या अडकल्या. त्यांचा कोड एका जुन्या वहीत होता आणि वही लिहिणाऱ्या बाई केव्हाच नोकरी सोडून गेल्या होत्या.

आपल्याकडे आयसीएमआरची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं व्यापक आणि स्तरित, अशा दोन्ही तऱ्हेच्या संमतीचा विचार करतात, आणि नमुन्याचा मालक सहभागी व्यक्ती, बायोबँक फक्त विश्वस्त, असं धरतात. व्यापक संमती चुकीचीच असं मी म्हणणार नाही. वीस वर्षांनी कोणता प्रश्न पडेल हे आज लिहिता येत नाही, आणि दर वेळी शेकडो लोकांना पुन्हा गाठणं, तेही सुपाईसारख्या गावात, सोपं नाही. पण मग नव्या वापराला हो म्हणणारी समिती हवी, आणि तिच्यात त्या समूहाचं माणूस हवं. नाहीतर ‘व्यापक’चा अर्थ फ्रीजरची किल्ली ज्याच्याकडे, तोच ठरवतो.

हवासुपाईंनी २००४ मध्ये दावा लावला. २००७ मध्ये तो नोटिशीच्या तांत्रिक मुद्द्यावर फेटाळला गेला, २००८च्या शेवटी अपील न्यायालयाने पुन्हा उभा केला, आणि एप्रिल २०१० मध्ये तडजोड झाली. ४१ जणांना मिळून सात लाख डॉलर देण्याचं आणि उरलेलं रक्त परत करण्याचं ठरलं. निकाल न लागता तडजोड झाल्यामुळे संमतीची व्याप्ती किती, यावर न्यायालयाचं बंधनकारक उत्तर मात्र मिळालं नाही.

जमातीचे लोक टेम्पेला विद्यापीठात आले, फ्रीजरपाशी प्रार्थना केली आणि नळ्या घेऊन दरीत परतले. ज्यांचं रक्त होतं, त्यातले काही जण तोवर वारले होते. नळ्या परत नेता आल्या. त्यांच्यावरून छापलेले निबंध अजूनही ग्रंथालयांत आहेत.