रेपो सगळ्यांचा, स्प्रेड ज्याचा त्याचा

रायगडच्या किनारपट्टीवर पूर्वी पावसाळ्यात सावकाराकडून मणभर भात उचललं, की सुगीला दीड मण घालावं लागे. ही दिढी. त्यात सावकाराचा स्वतःचा खर्च किती, बुडीत जाण्याची भीती किती आणि नुसता लोभ किती, हे घेणाऱ्याला कधी कळत नसे. कर्जाच्या व्याजाची अशी फोड करून दाखवायची रीत फार जुनी नाही, आणि ती जन्मली तीही कर्जदाराच्या सोयीसाठी नाही.

१९६९ साली लंडनमध्ये मिनोस झोंबानाकिस नावाच्या ग्रीक बँकरने इराणसाठी ८ कोटी डॉलरचं कर्ज अनेक बँकांना एकत्र आणून उभं केलं. अडचण अशी, की कर्ज दीर्घ मुदतीचं, तर बँकांच्या हातातला पैसा थोड्या महिन्यांच्या ठेवींचा. ठेवी महाग झाल्या तर बँका बुडणार. त्याने तोडगा काढला तो असा: दर मुदतीला बँकांनी आपल्याला पैसा केवढ्याला पडतो ते सांगायचं, त्याची सरासरी काढायची आणि तिच्यावर एक ठरलेली भर लावायची. सरासरी बदलत राहील, भर तशीच राहील. पुढे याच सरासरीतून लायबोर आला. बाजाराची जोखीम कर्जदाराने घ्यायची आणि बँकेची कमाई अबाधित, असा हा सौदा होता. त्या बदल्यात कर्जदाराला एकच शब्द मिळाला होता: भर हलणार नाही.

आपल्याकडे नेमका हाच शब्द पाळणं सर्वांत जड गेलं. १९९४ नंतर बँकांना दोन लाखांवरच्या कर्जाचे दर ठरवायची मोकळीक मिळाली आणि प्राइम लेंडिंग रेट आला, २००३ साली बीपीएलआर. यांतला पायाच बँकेने स्वतः ठरवलेला. नव्या गिऱ्हाइकाला ‘बीपीएलआर वजा इतके टक्के’ अशी घसघशीत सूट मिळे. जुना कर्जदार आपल्या जुन्या सुटीवर अडकून राही. २०१० साली बेस रेट आणि २०१६ साली एमसीएलआर आला. पायाचं सूत्र आता रिझर्व्ह बँकेने बांधून दिलं, म्हणून काहींनी भरीकडे, म्हणजेच स्प्रेडकडे, मोर्चा वळवला. डॉ. जनक राज यांच्या अभ्यासगटाने २०१७ साली हे उघड लिहिलं: एमसीएलआर मोठ्या प्रमाणात खाली आला तेव्हा काही बँकांनी त्याच वेळी ‘बिझनेस स्ट्रॅटेजी प्रीमियम’ या नावाने स्प्रेड वाढवला. एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढून घेतलं. नावाला मात्र दाद द्यायला हवी!

त्यावर उपाय म्हणून डिसेंबर २०१८मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर केलं, की पाया बँकेबाहेरचा असेल आणि स्प्रेड कर्ज देताना बँकेने हवा तो ठरवावा, पण कर्जदाराची पत मोठ्या प्रमाणात बदलल्याखेरीज तो कर्ज फिटेपर्यंत बदलू नये. झोंबानाकिसचा शब्द पुन्हा आला होता. पण अंमलबजावणी लांबली, आणि ४ सप्टेंबर २०१९चं परिपत्रक आलं तेव्हा तो शब्द सैल झाला होता. १ ऑक्टोबर २०१९पासून घरकर्ज, वाहनकर्ज आणि लघुउद्योगांची नवी फ्लोटिंग कर्जं रेपोसारख्या बाह्य दराला बांधली गेली. तीन महिन्यांतून निदान एकदा दर नव्याने लावणं सक्तीचं झालं. स्प्रेडमधला पतजोखमीचा भाग पत बदलली तरच हलणार. कामकाजाचा खर्च वगैरे बाकीचे भाग मात्र तीन वर्षांतून एकदा बदलता येणार. माझ्या मते इथे बँकांची सरशी झाली.

आता नागावातलं एक कल्पित घरकर्ज घेऊ. मांडव्याची रो-रो सुरू झाल्यावर, २०२१ साली, रेपो ४ टक्के असताना घेतलेलं, स्प्रेड २.९०. म्हणजे दर ६.९०. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो ६.५० झाला, दर ९.४०वर गेला. मग २०२५मध्ये रेपो चार वेळा उतरून डिसेंबरात ५.२५ झाला आणि दर ८.१५. या सगळ्या चढउतारात स्प्रेड २.९०च राहिला, आणि वरखाली होणं रेपोवरच्या प्रत्येकालाच भोगावं लागलं.

समजा आता मुद्दल ३० लाख आणि मुदत २० वर्षं उरली आहे. हप्ता सुमारे २५,३७४ रुपये. शेजारच्या नव्या कर्जदाराला त्याच बँकेत २.४० स्प्रेड मिळाला. रेपो जागचा न हलता आपलाही स्प्रेड तेवढा झाला, तर दर ७.६५ आणि हप्ता सुमारे २४,४४४ होईल. महिन्याला ९३० रुपये, २० वर्षांत सव्वादोन लाखांच्या आसपास. पण हप्ता जुनाच भरत राहिलो तर कर्ज १९-२० महिने आधी फिटतं आणि एकूण सुमारे ४ लाख ९० हजार वाचतात. स्प्रेड उतरला की म्हणूनच हप्ता नव्हे, मुदत कमी करून मागावी. घरखर्चाची ओढाताण असेल तर गोष्ट वेगळी.

रेपो अर्धा टक्का उतरला असता तरी आजचा हिशोब हाच आला असता. फरक पुढच्या वर्षांत पडतो. रेपो पुन्हा चढला की ती कपात परत जाते. स्प्रेडची कपात रेपोबरोबर जात नाही. रेपो ४ असो की साडेसहा, आपला दर जुन्या दरापेक्षा अर्धा टक्का खालीच चालतो. वाढलेला स्प्रेडही असाच चिकटतो. रेपो पाव टक्का उतरला आणि त्याच तिमाहीत स्प्रेड पाव टक्का चढला, तर दर ८.१५च दिसेल, हप्ता हलणार नाही आणि कोणी तक्रारही करणार नाही. वाढ जाणवेल ती पुढे रेपो चढेल तेव्हा. शिवाय स्प्रेडमधला फरक सुरुवातीच्या वर्षांतच महत्त्वाचा: ३० लाख बाकी असताना अर्धा टक्का म्हणजे वर्षाला १५ हजार, ३ लाख उरल्यावर दीड हजार.

तपासणी सोपी आहे. पासबुकातला किंवा स्टेटमेंटमधला दर घ्या, दर लागू झाल्या तारखेचा रेपो त्यातून वजा करा; उरेल तो स्प्रेड. आजचा रेपो नको, त्या तारखेचा घ्या, नाहीतर उगाच बँकेवर संशय येईल. आणखी एक खोच आहे. काही बँका रेपोत आपली ठरावीक भर आधीच मिसळून त्याला ईबीएलआर म्हणतात आणि पत्रात वरचा किरकोळ पाव टक्काच स्प्रेड म्हणून दाखवतात. वजाबाकी रेपोपासूनच करायची.

स्प्रेड कमी करून मागता येतो. सप्टेंबर २०२५मध्ये रिझर्व्ह बँकेने नियमात दुरुस्ती केली, की जुना ग्राहक टिकवण्यासाठी बँक ही भर तीन वर्षांच्या आतही कमी करू शकते. कमी करावीच, अशी सक्ती नाही. पण व्यक्तीने घेतलेलं फ्लोटिंग घरकर्ज दुसरीकडे नेताना मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही, हे शाखाधिकाऱ्यालाही ठाऊक असतं. नव्या बँकेचं प्रक्रिया शुल्क आणि मुद्रांक शुल्क यांचा हिशोब मात्र आधी मांडून जा.

आणि २०१९चं ते परिपत्रक सहकारी बँकांना आणि गृहवित्त कंपन्यांना लागू नाही. अलिबाग, पेण, मुरूडकडे कर्ज अशा दारातूनही मिळतं. तिथे स्प्रेड कधी आणि कोणत्या कारणाने बदलेल, हे मंजुरीपत्रात लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.