कॅप्टन बॉयकॉटचं पीक

सँडविच, कार्डिगन आणि बॉयकॉट हे तीनही शब्द माणसांच्या नावांवरून आले, असं आपण शाळेत शिकतो. पण पहिली दोन नावं खरं तर गावांची. सँडविचचा अर्ल आडनावाने मॉन्टॅग्यू, आणि बालाक्लाव्हाच्या लढाईत लाइट ब्रिगेड घेऊन तोफांच्या तोंडी गेलेला कार्डिगनचा अर्ल आडनावाने ब्रडनेल. स्वतःचं आडनाव भाषेला देऊन बसला तो एकटा बॉयकॉट. तोही काही काळ फौजेत होता. त्याची गोष्ट मला मात्र त्याच्यापेक्षा त्याच्या रक्षणाला गेलेल्या सैनिकांसाठी वाचावीशी वाटते.

चार्ल्स बॉयकॉट 39व्या पायदळ रेजिमेंटमध्ये काही वर्षं होता. फौज सोडल्यावर तो आयर्लंडमध्ये शेती करू लागला आणि पुढे मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी झाला. कुळांकडून खंड वसूल करायचा, न देणाऱ्याला जमिनीवरून काढायचं, हे त्याचं काम. 1880 साली पीक बेताचं होतं. मालकाने खंडात दहा टक्के सूट देऊ केली, कुळांनी पंचवीस मागितली. मालक हटला नाही.

त्याच सप्टेंबरच्या 19 तारखेला पुढारी पार्नेल एनिस गावच्या सभेत बोलला. एखाद्या कुळाला हुसकावल्यावर त्याची जमीन दुसऱ्याने घेतली, तर त्याला मारू नका, फक्त त्याच्याशी सगळा संबंध तोडा, असा त्याचा सल्ला होता. म्हणजे हे हत्यार मुळात सुचवलं गेलं ते फुटणाऱ्या शेजाऱ्यासाठी. तीन दिवसांनी बॉयकॉटच्या कुळांवर नोटिसा बजावायला पोलीस बंदोबस्तात माणूस आला. तीन नोटिसा कशाबशा लागल्या. मग बायकांनी चिखल, दगड आणि शेण मारून त्याला पळवून लावलं. दुसऱ्या दिवशी जमाव बॉयकॉटच्या घरी गेला आणि नोकरांना काम सोडायला सांगितलं. बघता बघता गडी गेले, लोहार येईना, धोबीण येईना, टपाल पोचेना, गावातला दुकानदार माल देईना. बटाटे आणि सलगम शेतातच उभे.

बॉयकॉटने लंडनच्या ‘टाइम्स’ला पत्र लिहून गाऱ्हाणं मांडलं आणि प्रकरण देशभर गाजलं. उत्तरेकडच्या कॅव्हन आणि मोनॅहन परगण्यांतून पन्नास स्वयंसेवक कापणीला निघाले. त्यांच्या संरक्षणाला सरकारने सुमारे हजार सैनिक आणि पोलीस दिले. एका मजुरामागे वीस रक्षक!

आमच्या भाषेत ही ‘एड टू सिव्हिल अथॉरिटी’ची ड्यूटी. ही ड्यूटी कुणालाच आवडत नाही, कारण समोर शत्रू नसतो. इथे तर जमावही नव्हता. रेल्वे स्टेशनवरून कुणी गाडी भाड्याने देईना, म्हणून मंडळी नोव्हेंबरच्या पावसात चालत निघाली. गावचे पाद्री फादर ओमॅली यांनी लोकांना ताकीद दिली होती की वाटेला जाऊ नका, दगड उचलू नका. एक दगड पडला असता तर फौजेला काम मिळालं असतं. तो पडला नाही. दोन आठवड्यांत पीक निघालं. पिकाची किंमत पाचशे पौंडांच्या आसपास आणि खर्च दहा हजारांच्या घरात, असा तेव्हाचा अंदाज. नोव्हेंबर संपायच्या आत बॉयकॉट घर सोडून डब्लिनला गेला, तर तिथल्या हॉटेलवाल्यालाही धमकीचं पत्र आलं. पुढे तो आयर्लंडबाहेर पडला.

नवा शब्द फादर ओमॅलींनीच सुचवला, असं रेडपाथ नावाच्या अमेरिकन पत्रकाराने लिहून ठेवलंय. जुना जड इंग्रजी शब्द शेतकऱ्यांच्या तोंडी बसणार नाही, म्हणून पाद्रीबाबा म्हणाले, ‘बॉयकॉट करणं’ म्हणू. काही आठवड्यांत तो वर्तमानपत्रांत रुळला आणि मग फ्रेंच-जर्मनमध्येही गेला.

आपल्याला मात्र हा शब्द उसना घ्यायची गरज पडली नाही. स्वदेशीच्या चळवळीत टिळकांच्या चतुःसूत्रीत तो ‘बहिष्कार’ म्हणून आला, आणि तिथे तो मेयोसारखाच दुबळ्यांनी सत्तेविरुद्ध वापरला. पण गावगाड्यात त्याचं जुनं नाव ‘वाळीत टाकणं’, आणि तिथे दिशा उलटी असते. पाणी, किराणा, मजुरी तोडली जाते ती ज्याच्यामागे कुणी नाही त्याची. बाबासाहेबांनी 1927 साली पाक्षिक काढलं तेव्हा त्याचं नाव ‘बहिष्कृत भारत’ ठेवलं, ते याच अनुभवातून. महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 साली वेगळा कायदा करावा लागला.

दोन्हीकडे कृती तीच आहे: बोलायचं नाही, विकायचं नाही, कामाला जायचं नाही. बॉयकॉटकडे ‘टाइम्स’ होता, हजार बंदुका होत्या आणि निघून जायला इंग्लंड होतं. म्हणून कुठे बहिष्कार ऐकला की मी आधी एवढंच विचारतो, ज्याच्यावर घातलाय त्याला जायला जागा आहे का?