तळटीप : ‘ग्वाय्’चा कौल

कर्जाची लपवलेली गोष्ट नवऱ्याला सांगावी का, या प्रश्नावर नायिकेला पडलेली ही ‘यी चिंग’मधली ४३वी षड्रेखा : खाली पाच अखंड रेघा, माथ्यावर एकच तुटकी. ती तुटकी रेघ म्हणजे नवरा नव्हे, दडवलेली गोष्ट; इथे गफलत झाली की कौल भांडणाचा वाटू लागतो. मूळ वचन सत्य उघड बोलायला सांगते, पण आधी आपल्याच नगराला कळवा आणि शस्त्र उचलू नका, असेही बजावते. म्हणजे तिने आधी स्वतःशी हिशेब मांडावा, मग आकडा सांगावा. नवऱ्याच्या जुन्या चुका उगाळू नयेत. शिवाय षड्रेखेची सर्वांत खालची रेघ बदलती आहे (तीन नाण्यांची बेरीज ९), आणि ती तयारीविना पुढे धावण्याविरुद्ध इशारा देते. त्याच रात्री सारे बोलून टाकण्याचा तिचा निर्णय म्हणूनच मला कौलाविरुद्ध वाटतो. — संपा.