औषधाच्या पाकिटावरील ‘आययू’ आणि ‘मायक्रोग्रॅम’ : आकडा कसा वाचावा?

जन औषधी केंद्रातून किंवा बाजारातून ‘ड’ जीवनसत्त्व घेताना एका पाकिटावर ६०,००० आययू, दुसऱ्यावर १,००० आययू आणि तिसऱ्यावर २५ मायक्रोग्रॅम असे छापलेले दिसते. यातील दुसरे आणि तिसरे औषध सारख्याच ताकदीचे आहे. पहिले मात्र त्यांच्या साठपट आहे.

आययू म्हणजे काय?

आययू म्हणजे आंतरराष्ट्रीय एकक. जीवनसत्त्वे शुद्ध रूपात वेगळी काढून तोलता येत नव्हती, तेव्हा ती शरीरावर किती परिणाम करतात यावरून मोजली जात. त्यामुळे आययू हे वजन नाही, परिणामाचे माप आहे. प्रत्येक जीवनसत्त्वासाठी ते वेगळे असते. मायक्रोग्रॅम मात्र सरळ वजन आहे. १ मिलिग्रॅममध्ये १,००० मायक्रोग्रॅम असतात. पाकिटावर ते बहुधा इंग्रजी ‘एमसीजी’ असे लिहितात. ‘एमजी’ म्हणजे मिलिग्रॅम. मधल्या ‘सी’कडे दुर्लक्ष झाले की हिशेब हजारपट चुकतो.

‘ड’ जीवनसत्त्वाचा हिशेब

येथे ४० आययू म्हणजे १ मायक्रोग्रॅम. आययूला ४० ने भागले की मायक्रोग्रॅम मिळतात. १,००० भागिले ४० बरोबर २५, आणि ६०,००० भागिले ४० बरोबर १,५०० मायक्रोग्रॅम, म्हणजे दीड मिलिग्रॅम. वजन नगण्य वाटते, पण भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीची रोजची गरज ६०० आययू आहे आणि रोज घेण्याची वरची मर्यादा ४,००० आययू आहे.

एक उदाहरण घेऊ. सांधेदुखी असलेल्या एका महिलेला डॉक्टरांनी ६०,००० आययूची गोळी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे घेण्यास सांगितले. सात दिवसांत वाटल्यास हे रोजचे सुमारे ८,५७० आययू होतात. हे मर्यादेपेक्षा जास्त आहे, पण कमतरता भरून काढण्यासाठी ठरावीक काळापुरते डॉक्टर असे देतात. तिने चिठ्ठीतील ‘आठवड्यातून’ हा शब्द न वाचता आठ दिवस रोज एक गोळी घेतली, तर दोन महिन्यांचा साठा एका आठवड्यात संपतो आणि रोजचे प्रमाण मर्यादेच्या पंधरापट होते. हीच चूक पुढे चालू राहिली, तर हे जीवनसत्त्व चरबीत साठत जाते आणि रक्तातील कॅल्शियम वाढते. मळमळ, बद्धकोष्ठता, खूप तहान, वारंवार लघवी, गोंधळल्यासारखे वाटणे ही त्याची लक्षणे आहेत. मूत्रपिंडावरही परिणाम होतो. असे काही जाणवल्यास गोळी थांबवावी आणि पाकीट सोबत घेऊन आरोग्य केंद्रात जावे. चिठ्ठी नेली तरी चालते, पण प्रत्यक्षात कोणते औषध घेतले हे पाकिटावरूनच कळते.

बाळाचे थेंब

तान्ह्या बाळाला साधारणपणे रोज ४०० आययू देण्यास सांगतात. बाजारात १ मिलिलिटरमध्ये ४०० आययू असलेली बाटली मिळते आणि ८०० आययू असलेलीही. पहिल्या बाटलीतून १ मिलिलिटर द्यायचे, तर दुसरीतून अर्धाच. बाटली बदलली आणि ड्रॉपरची जुनीच खूण धरली, तर मात्रा दुप्पट होते. म्हणून नवी बाटली घेताना ‘प्रति मिलिलिटर’ पुढचा आकडा आधी पाहावा, आणि त्या बाटलीसोबत आलेलाच ड्रॉपर वापरावा.

‘अ’ जीवनसत्त्वाला ४० चा नियम लावू नये

‘अ’ जीवनसत्त्वात (रेटिनॉल) १ आययू म्हणजे ०.३ मायक्रोग्रॅम. लसीकरणाच्या वेळी ९ महिन्यांच्या बाळाला देतात ती १ लाख आययूची मात्रा म्हणजे ३०,००० मायक्रोग्रॅम. १६ ते १८ महिन्यांच्या सुमारास २ लाख आययू, आणि त्यानंतर पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी तेवढीच मात्रा दिली जाते. आकडा मोठा दिसतो, कारण ती सहा महिन्यांची शिदोरी आहे. ती आरोग्य सेविकेकडूनच घ्यावी आणि माता-बाल संरक्षण कार्डावर नोंद करून घ्यावी, म्हणजे दुसऱ्या गावी गेल्यावर तीच मात्रा पुन्हा दिली जाणार नाही.

गरोदर महिलांनी स्वतःहून ‘अ’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊ नयेत. रोज १०,००० आययूपेक्षा (३,००० मायक्रोग्रॅम) जास्त रेटिनॉल गर्भाला अपायकारक ठरू शकते. शासनाकडून मिळणाऱ्या लाल लोहगोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. त्यात ‘अ’ जीवनसत्त्व नसते, त्यामुळे या कारणासाठी ती बंद करण्याची गरज नाही.