डोळा लाल झालाय, पण 'डोळे आलेत' कशावरून? साथ, अ‍ॅलर्जी आणि युव्हियायटिस यातला फरक असा ओळखा

२०२३च्या जुलै महिन्यात आळंदीमध्ये शाळकरी मुलांचे डोळे एकामागून एक लाल होऊ लागले. बघता बघता ही साथ महाराष्ट्रभर पसरली. ऑगस्टच्या सुरुवातीला आरोग्य विभागाच्या नोंदींमध्ये रुग्णांचा आकडा ८७ हजारांच्या पुढे गेला होता आणि सर्वांत जास्त रुग्ण बुलढाणा जिल्ह्यात होते. बहुतेकांचे डोळे आठ-पंधरा दिवसांत बरे झाले.

अशा साथीत एक वेगळा धोका असतो. घरात, शाळेत, एसटीत सगळ्यांचेच डोळे आलेले असतात, त्यामुळे कोणताही लाल डोळा 'आलेला'च समजला जातो. मग शेजाऱ्याने वापरलेली ड्रॉपची बाटली पुढच्या घरात जाते. दहातल्या बहुतेकांचं यात फार बिघडत नाही. पण ज्याला मुळात डोळे आलेलेच नव्हते, त्याचे उपचाराचे दिवस वाया जातात.

अहिल्यानगर जिल्ह्यात (पूर्वीचं नाव अहमदनगर) ही गल्लत व्हायला आणखी एक कारण आहे. राहुरी, नेवासा, कोपरगाव, श्रीरामपूर हा सगळा उसाचा पट्टा. इथे धूळ, परागकण आणि पाचट डोळ्यात जाणं रोजचंच. म्हणजे डोळा लाल व्हायला साथच यायला हवी असं नाही.

एकाच घरातले तीन लाल डोळे

समजा, राहुरी तालुक्यातली एक वस्ती. पावसाळ्याचे दिवस आहेत. एकाच आठवड्यात घरातल्या तिघांचे डोळे लाल झाले आहेत: सातवीतला मुलगा, त्याची दहा वर्षांची चुलत बहीण आणि ३४ वर्षांचे काका. लांबून पाहिलं तर तिघांचे डोळे सारखेच दिसतात.

मुलाला सोमवारी सकाळी उजव्या डोळ्यात कचरा गेल्यासारखं टोचू लागलं. दुपारपर्यंत डोळ्यातून सारखं पाणी यायला लागलं. मंगळवारी उठला तेव्हा पापण्या चिपडाने चिकटल्या होत्या. बुधवारी डावा डोळाही लाल झाला. कानाच्या पुढे बोट दाबलं की दुखरी गाठ लागते आणि घसाही थोडा दुखतोय. त्याच्या वर्गातल्या चार मुलांना हेच झालं आहे. पण डोळे पुसले, दोन-तीनदा उघडझाप केली की त्याला फळ्यावरचं नीट वाचता येतं. हे विषाणूमुळे आलेले डोळे. सुरुवात एका डोळ्यापासून, एक-दोन दिवसांत दुसरा डोळा, पाण्यासारखा स्राव आणि शाबूत नजर, असा हा नमुना असतो.

चुलत बहिणीचं वेगळं आहे. तिचे दोन्ही डोळे एकदमच लाल झाले. तिची मुख्य तक्रार एकच, खाज. ती दिवसभर डोळे चोळते. डोळ्यातून पांढरट, दोऱ्यासारखा चिकट स्राव निघतो, सोबत शिंका येतात. घरच्यांनी आठवून पाहिलं तर गेल्या उन्हाळ्यातही असंच झालं होतं. ही अ‍ॅलर्जी आहे. ती कुणाकडून आली नाही आणि तिच्यापासून कुणाला होणारही नाही, त्यामुळे तिला वेगळं बसवायची किंवा शाळा बुडवायची गरज नाही. विषाणूतही थोडी खाज येऊ शकते, पण खाज हीच सर्वांत मोठी तक्रार असेल तर आधी अ‍ॅलर्जीचा विचार करायचा.

काकांचं काय?

काकांचा एकच डोळा लाल आहे. चार दिवस झाले, दुसरा डोळा स्वच्छ आहे. चिपड नाही, खाज नाही. पण डोळ्याच्या आत ठणका आहे आणि अंगणात उन्हात पाऊल टाकलं की डोळा उघडवत नाही. समोरचं धुरकट दिसतं आणि डोळा कितीही पुसला तरी ते साफ होत नाही.

नीट पाहिलं तर लालीची जागाही वेगळी आहे. मुलाच्या डोळ्यात पापणीच्या आतला भाग आणि पांढऱ्या भागाच्या कडा जास्त लाल आहेत. काकांच्या डोळ्यात बुबुळाभोवती जांभळट लाल कडं दिसतं. त्या डोळ्याची बाहुली दुसऱ्या डोळ्यापेक्षा लहान आहे. ही युव्हियायटिसची लक्षणं आहेत.

डोळे येतात तेव्हा सूज असते ती डोळ्याच्या बाहेरच्या पातळ आवरणाला. युव्हियायटिसमध्ये सूज डोळ्याच्या आत असते, बुबुळ आणि त्याला जोडलेल्या रक्तवाहिन्यांच्या थरात. कधी कारण सापडत नाही, कधी मागे क्षयरोग किंवा संधिवाताचा एखादा प्रकार निघतो. म्हणूनच डॉक्टर अशा रुग्णाला डोळ्याशी संबंध नसलेले वाटावेत असे प्रश्न विचारतात: सकाळी उठल्यावर कंबर आखडते का, जुना खोकला आहे का, असा डोळा पूर्वी कधी लाल झाला होता का.

उपचार लांबला तर सुजलेलं बुबुळ मागच्या भिंगाला चिकटू लागतं. बाहुली वेडीवाकडी होते, डोळ्यातला दाब वाढू शकतो, मोतीबिंदू लवकर येऊ शकतो. वेळेत गेलं तर बाहुली मोठी करणारे ड्रॉप आणि स्टेरॉइडचे ड्रॉप देऊन बहुतेकांची सूज आटोक्यात येते.

घरी करून पाहण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. एक डोळा हाताने झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या तारखा वाचा, मग दुसरा झाकून वाचा. डोळा पुसल्यावरही लाल डोळ्याला कमी दिसत असेल तर ते साधं डोळे येणं धरू नका. दुसरं म्हणजे, लाल डोळा झाकून चांगल्या डोळ्यावर मोबाइलचा टॉर्च क्षणभर लांबून मारा. तेवढ्यानेही झाकलेल्या लाल डोळ्यात कळ आली तर त्रास आतला असण्याची शक्यता वाढते, कारण एका डोळ्यावर प्रकाश पडला की दोन्ही बाहुल्या आकसतात आणि सुजलेलं बुबुळ ओढलं जातं. कळ आली नाही म्हणून निर्धास्त मात्र होऊ नका. खात्रीचं निदान नेत्रतज्ज्ञाकडच्या स्लिट लॅम्पवरच होतं.

मेडिकलमधून आणलेला ड्रॉप

इथे एक पेच आहे. स्टेरॉइडच्या ड्रॉपने कोणताही लाल डोळा दोन दिवस पांढरा दिसू लागतो. काकांना तोच ड्रॉप औषध म्हणून मिळेल, पण तपासणीनंतर, ठरलेल्या दिवसांसाठी आणि दाबावर लक्ष ठेवून. चुलत बहिणीला तोच ड्रॉप चिठ्ठीशिवाय दर उन्हाळ्यात आणून घातला तर काही वर्षांनी काचबिंदू होऊ शकतो, आणि त्यात गेलेली नजर परत येत नाही.

सर्वांत वाईट परिणाम शेतात डोळ्याला लागलेल्या माणसात होतो. उसाचं पातं किंवा बाजरीचं कूस बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला घासलं की त्या ओरखड्यात बुरशी शिरू शकते. त्यावर स्टेरॉइड घातलं की सुरुवातीला बरं वाटतं आणि आत बुरशी वाढत राहते. बुबुळावर पांढरा ठिपका दिसू लागला तर तो अल्सर असू शकतो, तेव्हा त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. म्हणून बाटलीवर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन किंवा बेटामेथासोन यापैकी नाव असेल, तर ती बाटली डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय डोळ्यात जाऊ नये. पुष्कळदा अँटिबायोटिकच्या ड्रॉपमध्येच ही मिसळलेली असतात, त्यामुळे लेबलवरचा छोटा मजकूर वाचावा लागतो.

आजीआजोबांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. एक डोळा अचानक लाल, भयंकर डोकेदुखी, उलट्या, दिव्याभोवती रंगीत वलयं, हा पित्ताचा त्रास समजून घरी थांबू नका. काचबिंदूचा तीव्र झटका असू शकतो आणि त्यात काही तासांतच नजरेचं नुकसान होतं.

याउलट सकाळी आरशात डोळ्यात रक्ताचा लालभडक डाग दिसला, पण दुखत नाही, मार लागलेला नाही आणि नीट दिसतंय, तर घाबरण्याचं कारण सहसा नसतं. बारीक रक्तवाहिनी फुटलेली असते. एक-दोन आठवड्यांत डाग जातो.

मुलाची घरी काळजी कशी घ्यायची?

विषाणूवर अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही. डोळे आपोआप बरे होतात, आपण फक्त त्रास कमी करतो. पाणी उकळून थंड करा, स्वच्छ सुती कापड त्यात भिजवा आणि नाकाकडून कानाकडे एकदाच पुसा. दुसऱ्या डोळ्याला दुसरं कापड. वापरलेली कापडं उकळा किंवा टाकून द्या. थंड पाण्याच्या घड्या दिवसातून तीन-चार वेळा पाच-दहा मिनिटं ठेवल्या की बरं वाटतं. टोचणं कमी व्हायला कृत्रिम अश्रूंचे ड्रॉप चालतात, पण त्याची बाटली त्याचीच, आणि तिचं टोक पापणीला लागू द्यायचं नाही. मध, तूप, कांद्याचा रस, तुरटीचं पाणी, आईचं दूध यातलं काहीही डोळ्यात घालू नका.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्रास वाढल्यासारखा वाटतो, ते नेहमीचं आहे. त्यानंतर उतार पडायला हवा. आठवड्यानंतरही वाढतच असेल, किंवा डोळे पांढरे झाल्यावर धूसर दिसू लागलं, तर दाखवा. अ‍ॅडेनोव्हायरसच्या संसर्गानंतर कधी कधी बुबुळावरच्या पडद्यात बारीक ठिपके राहतात. तान्ह्या बाळाचा लाल डोळा आणि कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा दुखरा लाल डोळा मात्र घरी सांभाळायचा नाही, लगेच दाखवायचा.

नजरेने पसरतं का?

नाही. डोळे आलेल्या माणसाकडे पाहिल्याने कुणाचे डोळे येत नाहीत. काळ्या गॉगलने उजेडाचा त्रास कमी होतो आणि हात डोळ्याकडे जायचा थोडा थांबतो, इतकंच. विषाणू हाताने प्रवास करतो. मुलगा डोळा चोळतो, मग मोबाइल घेतो, तोच मोबाइल आई उचलते आणि नंतर कपाळावरचा घाम पुसताना तिचा हात डोळ्याला लागतो.

अ‍ॅडेनोव्हायरस कोरड्या पृष्ठभागावर आठवडाभराहून जास्त टिकू शकतो आणि सॅनिटायझरला तो सहज दाद देत नाही. त्यामुळे साबण-पाण्याने हात चोळून धुणं जास्त भरवशाचं, विशेषतः ड्रॉप घालणाऱ्याने घालण्याआधी आणि घातल्यावर. टॉवेल, रुमाल, उशी वेगळी ठेवा. उशीचा अभ्रा रोज बदलून गरम पाण्यात धुवा. काजळाची एकच डबी घरभर फिरत असेल तर ती टाकून द्या. विहिरीत किंवा तलावात पोहणं काही दिवस बंद.

संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसायला अ‍ॅडेनोव्हायरसमध्ये साधारण ५ ते १२ दिवस लागतात, तर एन्टेरोव्हायरसच्या साथीत एक-दोन दिवसच. म्हणून मुलाचे डोळे बरे झाल्यावर आठवड्याने आईचे आले तरी तो बहुधा त्याच घरातला संसर्ग असतो. डोळ्यातून पाणी आणि चिपड येणं थांबेपर्यंत मुलाला शाळेत पाठवू नये.

काकांनी मात्र वाट पाहू नये. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी असतील तर तिथे, नाहीतर थेट नगरच्या जिल्हा रुग्णालयात किंवा नेत्रतज्ज्ञाकडे त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी जावं. जाताना आतापर्यंत घातलेल्या सगळ्या ड्रॉपच्या बाटल्या सोबत न्याव्यात आणि बाहुली मोठी करणारं औषध घातल्यावर काही तास जवळचं धूसर दिसतं म्हणून मोटारसायकल चालवायला कुणाला तरी बरोबर घ्यावं.